एक परिच्छेद, तीन जागा: अहवालातल्या आकृतीसाठी ऑल्ट टेक्स्ट आणि कॅप्शन कसं लिहायचं

गेल्या वर्षी संस्थेचा वार्षिक अहवाल माझ्याकडे आला. मराठी मीच लिहायचं, उर्दू पानंही मीच बघायची, असं दरवर्षीच ठरलेलं असतं. मुलींच्या शिक्षणाच्या प्रकरणात मी एक स्तंभालेख टाकला आणि त्याच्याखाली त्याचं वर्णन करणारा आठ वाक्यांचा परिच्छेद लिहिला. सगळं सांगून झालं, आता कुणाची तक्रार नको, असं वाटलं.

अहवाल छापायला देण्याआधी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला पाठवला. तिला दिसत नाही. संगणकावर ती एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर वापरते. पडद्यावर जे लिहिलेलं आहे ते हा प्रोग्रॅम वाचून ऐकवतो. संध्याकाळी तिचा फोन आला.

"आपा, तिसऱ्या आकृतीवर तो नुसतं 'ग्राफिक' म्हणतो आणि पुढे जातो. मग तुमचा परिच्छेद सुरू होतो, निळे स्तंभ, केशरी स्तंभ. ते संपेपर्यंत पहिला आकडा मी विसरलेली असते. आणि शेवटी सोलापूर कुठून आलं तेच कळलं नाही."

मग मी तोच परिच्छेद अहवाल समितीतल्या एका डोळस सदस्याला दाखवला. ते म्हणाले, "एवढं कोण वाचतंय? चित्रात दिसतंय की." म्हणजे एकाला परिच्छेद पुरला नाही आणि दुसऱ्याला तो नकोसा झाला. दोघंही बरोबर होते. आकृतीचं वर्णन करणारा एकच परिच्छेद वेगवेगळी कामं एकदम करायला जातो, म्हणून एकही काम नीट होत नाही. तो फोडून त्याची वाक्यं आपापल्या जागी कशी ठेवायची, ते मी त्याच परिच्छेदावर दाखवते.

मूळ परिच्छेद

मी लिहिलेला मजकूर असा होता. वाक्यांना क्रमांक आत्ता दिलेत, म्हणजे पुढे बोलायला सोपं जाईल.

(१) वरील आकृतीत महाराष्ट्रातील साक्षरतेची वाटचाल दाखवली आहे. (२) निळे स्तंभ पुरुषांचे व केशरी स्तंभ स्त्रियांचे आहेत. (३) १९९१ मध्ये पुरुषांची साक्षरता ७६.५६ टक्के व स्त्रियांची ५२.३२ टक्के होती. (४) २००१ मध्ये ती अनुक्रमे ८५.९७ व ६७.०३ टक्के, तर २०११ मध्ये ८८.३८ व ७५.८७ टक्के झाली. (५) दोन्ही स्तंभ वाढत गेले, पण दोघांमधील अंतर बरेच कमी झाले. (६) शाळांची संख्या वाढल्याने व पालकांत जागृती झाल्याने हे घडले. (७) ही आकडेवारी जनगणनेची आहे. (८) सोलापूरसारख्या जिल्ह्यात मात्र अजून बरेच काम बाकी आहे.

आकडे खरे आहेत, भाषाही ठीक आहे. पण ही आठ वाक्यं एकाच वाचकासाठी नाहीत.

कॅप्शन कुणाचं, ऑल्ट टेक्स्ट कुणाचं

कॅप्शन म्हणजे आकृतीखाली छापलेली ओळ. ती सगळ्यांसाठी असते. डोळस माणूस ती वाचतो, आणि स्क्रीन रीडरही तीच वाचून ऐकवतो. आकृतीचा क्रमांक, ती कशाबद्दल आहे, तिच्यातून काय घ्यायचं आणि आकडे कुठले, एवढं कॅप्शनमध्ये यावं.

ऑल्ट टेक्स्ट छापलं जात नाही. ते फाइलमध्ये चित्राला आतून जोडलेलं असतं. स्क्रीन रीडर चित्रापाशी आला की ते बोलतो. वेबसाइटवर चित्र उघडलं नाही, तर त्याच्या जागी तेच दिसतं. म्हणजे ज्याला चित्र मिळालेलं नाही, त्याच्यासाठी ते चित्राच्या जागी उभं राहतं. डोळ्यांना जे दिसलं असतं, तेवढंच तिथे हवं.

यातून दोन नियम निघतात. पहिला असा की ऐकणाऱ्याला ऑल्ट आणि कॅप्शन दोन्ही ऐकू येतात, तेही लागोपाठ. दोन्हीकडे एकच वाक्य ठेवलं तर त्याला तेच दोनदा ऐकावं लागतं. दुसरा नियम लोक जास्त मोडतात. ऑल्ट डोळस वाचकाला दिसत नाही, म्हणून जे चित्रात नाही असं काही तिथे ठेवायचं नाही. आकडे कुठून घेतले ते फक्त ऑल्टमध्ये लिहिलं, तर अहवाल हातात धरून बसलेल्या माणसाला ते कधीच कळणार नाही.

वाक्यं वेगळी करू

प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे चित्रात दिसतं का?

पहिलं वाक्य चित्राची ओळख करून देतं. ते कॅप्शनमध्ये जाईल, पण "वरील आकृतीत दाखवली आहे" हे शब्द गळतील. कॅप्शन आकृतीलाच चिकटलेलं असतं, ते पुन्हा सांगायची गरज नाही.

दुसरं वाक्य रंगांचं. डोळसाला रंगांची खूण आकृतीतच मिळते. ऐकणाऱ्याला स्तंभ पुरुषांचा की स्त्रियांचा एवढं कळलं की झालं, निळा की केशरी याने त्याला काही मिळत नाही. हे वाक्य पूर्ण जाईल. मात्र मुख्य मजकुरात कुठे "केशरी स्तंभ पाहा" असं लिहिलं असेल तर तिथे "स्त्रियांचा स्तंभ" करायचं. अहवालाची काळी-पांढरी झेरॉक्स काढली की केशरी आणि निळा दोन्ही करडे होतात, तेव्हा डोळसांनाही हा बदल उपयोगी पडतो.

तिसरं आणि चौथं वाक्य म्हणजे आकडे. ते चित्रात दिसतात, म्हणून ऑल्टमध्ये जातील, पण जसेच्या तसे नाहीत. त्यावर पुढे बोलू.

पाचव्या वाक्याचे दोन भाग आहेत. स्तंभ वाढले हे नजरेला दिसतं, ते ऑल्टचं. अंतर कमी झालं हा आकृतीचा मुद्दा आहे, तो सगळ्यांना कळायला हवा, म्हणून कॅप्शनचा.

सहावं वाक्य कारण सांगतं. चित्रात शाळाही नाहीत आणि पालकही नाहीत, फक्त टक्केवारी आहे. ते ना ऑल्टचं, ना कॅप्शनचं. ठेवायचं असेल तर मुख्य मजकुरात, आणि तिथेही सोबत पुरावा लागेल. माझ्याकडे पुरावा नव्हता, मी ते नुसतं लिहून टाकलं होतं. मी ते काढलं.

सातवं वाक्य स्रोताचं. ते कॅप्शनमध्ये, नेहमी शेवटी.

आठव्यावर माझी विद्यार्थिनी अडखळली होती, आणि ते बरोबरच होतं. आकृती महाराष्ट्राची आहे, सोलापूरचा एकही स्तंभ तिच्यात नाही. डोळस वाचक असं वाक्य "असेल काहीतरी" म्हणून सोडून देतो. ऐकणारा मात्र समजतो की आपल्याकडून काही ऐकायचं राहिलं, आणि मागे जाऊन शोधत बसतो. सोलापूरबद्दल बोलायचं तर जिल्ह्याचे आकडे वेगळे द्यावे लागतील. तोपर्यंत हेही वाक्य बाहेर.

आठ वाक्यांतून दोन गेली, एक गळलं, आणि उरलेल्यांना जागा मिळाली. असं वेगळं करण्याचा हा एक फायदा मला आधी माहीत नव्हता: वर्णनाच्या गर्दीत लपलेली, पुरावा नसलेली वाक्यं उघडी पडतात.

ऑल्ट लिहिताना

पहिला शब्द चित्राचा प्रकार सांगणारा ठेवावा. "चित्र" किंवा "आकृती" नको, कारण स्क्रीन रीडर "ग्राफिक" स्वतःच म्हणतो. पण तो स्तंभालेख आहे, नकाशा आहे की छायाचित्र, हे त्याला माहीत नसतं. आपल्या गणिताच्या पुस्तकात अशा आलेखाला जोडस्तंभालेख म्हणतात. शाळेत शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे तो शब्द ऐकताच आकार उभा राहतो.

मग आकडे. माझ्या पहिल्या मसुद्यात आधी पुरुषांचे तीन आकडे होते, मग स्त्रियांचे तीन. विद्यार्थिनी म्हणाली, "मला तुलना करायची असते वर्षातली. तुम्ही तीन आकडे सांगून मग दुसरे तीन सांगता, तोवर पहिले गेलेले असतात." डोळा एका वर्षाचे दोन स्तंभ शेजारी शेजारी बघतो. कानालाही ते तसेच शेजारी मिळायला हवेत. म्हणून वर्षाप्रमाणे जोड्या केल्या.

"अनुक्रमे" हा शब्दही काढला. वाचताना तो सोपा असतो, कारण नजर मागे जाते. ऐकताना मागे जायला बटणं दाबावी लागतात.

दशांश अपूर्णांकही ऐकायला जड. "शहात्तर पूर्णांक छप्पन्न शतांश" असं सहा वेळा ऐकलं की डोकं फिरतं. म्हणून ऑल्टमध्ये पूर्णांक घेतले: ७७ आणि ५२, ८६ आणि ६७, ८८ आणि ७६. स्तंभ बघून डोळसालाही साधारण एवढंच समजतं. बारीक आकडे कोष्टकात जातील.

इथे मी एक चूक केली, ती तुमच्याकडूनही होईल म्हणून सांगते. पूर्णांक करून झाल्यावर मी त्यांच्यातूनच अंतर काढलं. ७७ वजा ५२ म्हणजे २५, आणि ८८ वजा ७६ म्हणजे १२. ऑल्टमध्ये लिहिलं, "अंतर २५ वरून १२ वर आलं." पुढे मजकुरात मात्र मूळ आकड्यांवरून काढलेलं अंतर होतं: २४.२४ वरून १२.५१. लगेच फोन. "आपा, २५ की २४? १२ की १३?" पूर्णांक केलेल्या आकड्यांची वजाबाकी करायची नाही. वजाबाकी मूळ आकड्यांची करायची, आणि पूर्णांक करायचाच असेल तर उत्तराचा करायचा. गणिताच्या तासाला मी हेच शिकवते, आणि अहवालात स्वतःच विसरले. शेवटी ऑल्टमधून अंतराचा आकडा काढूनच टाकला, कारण तो चित्रात कुठे लिहिलेला नव्हता.

तयार झालेलं ऑल्ट असं:

"जोडस्तंभालेख. पुरुष आणि स्त्रियांची साक्षरता, टक्के. १९९१: पुरुष ७७, स्त्रिया ५२. २००१: पुरुष ८६, स्त्रिया ६७. २०११: पुरुष ८८, स्त्रिया ७६. दोन्ही स्तंभ प्रत्येक वेळी वाढतात, स्त्रियांचा जास्त. नेमके आकडे कोष्टक ३ मध्ये."

ऑल्ट किती लांब असावं याचा पक्का नियम नाही. १२५ अक्षरांची मर्यादा बरेच जण सांगतात, पण वेबच्या आंतरराष्ट्रीय सुलभता निकषांत अशी संख्या दिलेली नाही. खरी अडचण वेगळी आहे. ऑल्टमध्ये परिच्छेद पाडता येत नाहीत, आणि ऐकणाऱ्याला मधल्या एका वाक्यापाशी सहज थांबता येत नाही. ते बहुतेक वेळा एका दमात ऐकावं लागतं. दोन ते चार छोटी वाक्यं ठीक. त्याहून जास्त सांगायचं असेल तर कोष्टक किंवा मुख्य मजकूर.

कॅप्शन लिहिताना

बहुतेक अहवालांत कॅप्शन म्हणजे नुसतं शीर्षक असतं: "आकृती ३. महाराष्ट्रातील साक्षरता." ते चूक नाही, पण वाचकाला काय बघायचं ते सांगत नाही. मुद्दा कॅप्शनमध्ये घातला की घाईत पानं उलटणाऱ्या सदस्यालाही तो मिळतो.

"आकृती ३. महाराष्ट्रातील साक्षरता, १९९१ ते २०११: स्त्री-पुरुषांमधलं अंतर जवळपास निम्म्यावर. वय ७ वर्षं व पुढे. स्रोत: भारताची जनगणना, अंतिम आकडे."

"जवळपास निम्म्यावर" हे २४.२४ आणि १२.५१ या मूळ आकड्यांवरून तपासून लिहिलं आहे. "अंतर खूप कमी झालं" म्हटलं असतं तर कुणालाच ते मोजता आलं नसतं.

"वय ७ वर्षं व पुढे" का? कारण या जनगणनांमध्ये साक्षरतेची टक्केवारी सात वर्षं आणि त्यापुढच्या लोकसंख्येवर काढलेली आहे. हे आकृतीत दिसत नाही, पण तिचा अर्थ त्यावर अवलंबून आहे, आणि ते डोळस आणि ऐकणारा दोघांनाही लागतं. म्हणून त्याची जागा कॅप्शनमध्ये.

"अंतिम आकडे" हे दोन शब्द मी नंतर वाढवले. २०११ च्या जनगणनेचे आधी तात्पुरते आकडे आले होते. त्यांत महाराष्ट्रात पुरुषांची साक्षरता ८९.८२ आणि स्त्रियांची ७५.४८ टक्के होती. अंतिम आकड्यांत ती ८८.३८ आणि ७५.८७ झाली. फरक छोटा दिसतो, पण अंतर काढून बघा: तात्पुरत्या आकड्यांवरून १४.३४, अंतिमवरून १२.५१. दोन्ही प्रकारचे आकडे इंटरनेटवर आजही फिरतात. कॅप्शनमध्ये नुसतं "जनगणना" लिहिलं असतं, तर कुणी तात्पुरते आकडे समोर धरून आमचा अहवाल चुकीचा ठरवला असता, आणि मला उत्तर देता आलं नसतं.

स्तंभालेखात आणखी एक गोष्ट बघावी लागते. उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का? माझा ० ते १०० होता. समजा तो ५० पासून सुरू केला असता, तर १९९१ चा स्त्रियांचा स्तंभ जमिनीला टेकलेला दिसला असता आणि अंतर खऱ्यापेक्षा कितीतरी मोठं वाटलं असतं. गंमत म्हणजे ऑल्ट ऐकणारी फसली नसती, कारण तिला आकडे मिळतात. फसले असते ते बघणारे. असा आलेख ठेवावाच लागला तर "उभा अक्ष ५० पासून" हे कॅप्शनमध्ये लिहायचं.

उरलेलं कुठे गेलं

बारीक आकड्यांसाठी आकृतीनंतर छोटं कोष्टक ३ केलं. तीन ओळी वर्षांच्या, तीन स्तंभ: पुरुष, स्त्रिया, अंतर. अंतराच्या स्तंभात २४.२४, १८.९४ आणि १२.५१. कोष्टक खरंखुरं हवं, वर्डमध्ये Insert मधून केलेलं. कोष्टकाचा फोटो चिकटवला तर तेही एक चित्रच होतं आणि पुन्हा ऑल्ट लिहीत बसावं लागतं.

मुख्य मजकुरात दोनच वाक्यं राहिली: "आकृती ३ आणि कोष्टक ३ पाहा. पहिल्या दहा वर्षांत अंतर ५.३० ने आणि पुढच्या दहा वर्षांत ६.४३ ने कमी झालं." ही तुलना चित्रात पटकन दिसत नाही, म्हणून ती मजकुराची.

फाइलमध्ये घालताना

वर्डमध्ये आलेखाच्या कडेवर उजवं बटण दाबून View Alt Text निवडायचं, जुन्या आवृत्तीत Edit Alt Text असतं. उजवीकडे चौकट उघडते, तिथे मजकूर टाकायचा. कॅप्शनसाठी References मधून Insert Caption. तिथे Figure हे लेबल असतं. New Label दाबून "आकृती" असं करून घेता येतं. कॅप्शन हाताने टाइप करू नका. असं घातलेलं असेल तर मध्ये नवी आकृती आली की क्रमांक पुढे सरकवता येतात.

चित्राची मांडणी In Line with Text ठेवा. चित्र पानावर तरंगत ठेवलं तर वर्ड कॅप्शनसाठी वेगळी मजकूर-चौकट करतो, आणि मग वाचण्याच्या क्रमात कॅप्शन कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही.

पीडीएफ करताना Save As मधून करा, आणि Options मध्ये "Document structure tags for accessibility" वर खूण आहे ना ते बघा. Print मध्ये जाऊन पीडीएफ काढलं तर छापील रूप तसंच दिसतं, पण आतलं ऑल्ट निघून जातं. आणि अहवालाच्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकले तर काहीच उरत नाही. ग्रुपवर टाकायचं तर पीडीएफच टाका.

आपल्याकडची खास अडचण फॉन्टची. डीटीपीवाल्यांकडे अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम चालतं. कागदावर ते सुंदर मराठी दिसतं, पण आतून ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. ऑल्टच्या चौकटीत तो फॉन्ट लागत नाही, आणि स्क्रीन रीडर ती चिन्हं एकेक करून वाचतो. ऑल्टच काय, पूर्ण अहवालच ऐकणाऱ्याच्या हातून जातो. ओळखायची खूण सोपी आहे: मजकूर कॉपी करून व्हॉट्सअॅपच्या संदेशात चिकटवा. मराठी दिसलं तर युनिकोड, निरर्थक अक्षरं दिसली तर जुना फॉन्ट.

अहवाल वेबसाइटवर जाणार असेल तर तिथे दोन्ही गोष्टी अशा बसतात:

```html
<figure lang="mr">
  <img src="aakruti3.png"
    alt="जोडस्तंभालेख. १९९१: पुरुष ७७, स्त्रिया ५२. ...">
  <figcaption>आकृती ३. महाराष्ट्रातील साक्षरता ...</figcaption>
</figure>
```

यात ऑल्टच्या आत दुहेरी अवतरण चिन्ह टाकू नका. तिथेच ऑल्ट संपलं असं ब्राउझर समजतो आणि पुढचा मजकूर तुटतो. lang="mr" मुळे स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडायची खूण मिळते.

छायाचित्र असेल तर

आलेखात काय सांगायचं ते आकडे ठरवतात. छायाचित्रात ते अहवालाचा विषय ठरवतो. आमच्या नववीच्या मुलांनी भूगोलाच्या प्रकल्पात यंत्रमागावर विणल्या जाणाऱ्या सोलापुरी चादरीचा फोटो लावला होता. वर्णनात सगळंच होतं: माग, चादर, कारागीर, खिडकी, भिंतीवरचं घड्याळ.

प्रकल्प नक्षीबद्दल असता तर ऑल्ट असं: "छायाचित्र. यंत्रमागावर अर्धी विणलेली चादर. मध्ये मोठं फूल, कडेला रुंद पट्टा." प्रकल्प कामगारांबद्दल होता, म्हणून असं झालं: "छायाचित्र. यंत्रमागाशेजारी उभा कारागीर वाकून तुटलेला धागा जोडत आहे. कानांवर काही संरक्षण नाही." फोटो तोच. खिडकी आणि घड्याळ दोन्हीकडून गेले. आणि "कारागीर थकलेला, दुःखी आहे" हे एका मुलाचं वाक्य मी काढायला लावलं. वाकलेला दिसतो, दुःखी आहे हे आपण ठरवतो.

फोटोत उर्दू फलक असेल तर फलकावर काय लिहिलंय ते ऑल्टमध्ये यायलाच हवं, कारण डोळस माणूस ते वाचतो. पण मराठी अहवालात ते देवनागरीत लिहा. मराठी आवाज उर्दू लिपी नीट बोलेल याचा भरवसा नसतो. दर पानावरचा संस्थेचा शिक्का किंवा नुसती वेलबुट्टी असेल तर Mark as decorative वर खूण करा, म्हणजे प्रत्येक पानावर "शिक्का, शिक्का" ऐकावं लागणार नाही.

शेवटची तपासणी

वर्डमध्ये Review खाली Check Accessibility आहे. ते ऑल्ट नसलेली चित्रं दाखवतं, आणि ऑल्टच्या बाबतीत ते साधारण एवढंच करू शकतं. चौकटीत "चित्र १" लिहिलं तरी त्याचं समाधान होतं. मजकूर बरोबर आहे का हे माणसानेच बघावं लागतं.

मी आता दोन गोष्टी करते. आधी आकृतीवर कागद ठेवून घरातल्या कुणाला तरी ऑल्ट आणि कॅप्शन लागोपाठ वाचून दाखवते आणि विचारते, आलेख काढून दाखव. माझ्या मुलीने सहा स्तंभ बरोबर काढले तेव्हा कळलं की जमलं. मग उलटं करते. ऑल्ट झाकून फक्त आकृती आणि कॅप्शन दाखवते, आणि बघते की डोळस माणसाला काही कमी पडलं का. कमी पडलं, तर ऑल्टमध्ये असं काहीतरी गेलंय जे कॅप्शनमध्ये हवं होतं.

नवी फाइल विद्यार्थिनीला पाठवली. या वेळी तिचा प्रश्न आकृतीबद्दल नव्हता, साक्षरतेबद्दल होता. "आपा, दुसऱ्या दहा वर्षांत पुरुषांची साक्षरता इतकी कमी का वाढली?" ८५.९७ वरून ८८.३८. खरंच की. आठ वाक्यांच्या परिच्छेदात हे मलाही दिसलं नव्हतं.